बदली घेतली आहे, आणि बाबांच्या ‘बरं बरं’विषयी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गुवाहाटीची बदली मी घेतली. परवा फोनवर सांगणार होते, पण आईने घावन्यांचा विषय काढला आणि राहून गेलं. नाही म्हणता आलं असतं, पण मग पुढच्या वेळी कुठे टाकतील याचा नेम नसतो, आणि इथल्या विमानतळाचा टॉवर शिकण्यासारखा आहे. क्वार्टर चांगलं आहे, गॅस आहे, तांदूळ आपल्यासारखाच जाडा मिळतो. गणपतीला येणं कठीण दिसतंय. मनाला लावून घेऊ नका, मखर दादा करेल.

खरं लिहायचंय ते बाबांच्या गोळ्यांबद्दल. डॉक्टर सांगतात, बाबा ‘बरं बरं’ म्हणतात, आणि आठवड्याने आईला पट्टी तशीच सापडते. बाबा, आमच्याकडे विमानांशी रेडिओवर बोलताना याला रॉजर म्हणतात. सिनेमात रॉजर म्हणजे ‘हो’ असतं. खरा अर्थ एवढाच की तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं. त्यात होकार नाही आणि ‘करतो’ही नाही. ‘समजलं, तसं करतो’ याला विल्को आहे. उंची, दिशा, धावपट्टी यांच्या बाबतीत तर विल्कोवरही आम्ही भागवत नाही, वैमानिकाकडून आकडा परत म्हणवून घेतो. म्हणून आजपासून फोनवर तुम्ही मला म्हणून दाखवायचं: सकाळी बीपीची, रात्री जेवून रक्त पातळ करायची. ‘घेतली गं’ चालणार नाही.

आणि दुसरी गोष्ट. मागच्या महिन्यात खळ्यात चक्कर आली तेव्हा आईला काय सांगितलंत? ‘जरा गरगरतंय.’ आम्हाला प्रशिक्षणात एक प्रकरण शिकवतात, ते तुम्हाला सांगतेच. २५ जानेवारी १९९० ला अविआंका कंपनीचं बोइंग ७०७ कोलंबियाहून न्यूयॉर्कला येत होतं. हवा खराब, गर्दी, म्हणून त्याला वाटेत तीन ठिकाणी घिरट्या घालायला लावल्या, मिळून सव्वा तासाहून जास्त. इंधन उतरत गेलं. सहवैमानिकाने ‘प्रायॉरिटी’ हवी असं सांगितलं, पण त्या शब्दाने काही बंधन येत नाही. पहिल्यांदा उतरायला जमलं नाही. कॅप्टन त्याला म्हणाला, आणीबाणी आहे म्हणून कळव. त्याने दिशेच्या सूचनेला उत्तर देता देता शेवटी जोडलं, ‘पुन्हा प्रयत्न करतो, इंधन संपत आलंय.’ वर कॅप्टनला सांगितलं की कळवलं. कंट्रोलरने मग विचारलं, पंधरा मैल ईशान्येला नेऊन वळवतो, तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर गेलं: ‘चालेल असं वाटतं, आभारी आहे.’

थोड्या वेळाने चारही इंजिनं बंद पडली. १५८ पैकी ७३ माणसं गेली. टाक्यांत काहीच उरलं नव्हतं, म्हणून आगसुद्धा लागली नाही.

त्या माणसाने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण शेवटच्या तासाला विमानांचं इंधन कमी होतंच, ते ऐकून कंट्रोलर बाकीची रांग मोडत नाही. मेडे तीनदा ऐकला की मोडतो. मेडे म्हणजे जीव धोक्यात आहे, मदत आत्ता हवी. मग त्या विमानासाठी बाकी सगळं बाजूला होतं. त्याखाली पॅन पॅन, तोही तीनदा: प्रकरण तातडीचं आहे, पण जिवावर या क्षणी बेतलेलं नाही. आता तर ‘मेडे फ्यूएल’ असा वेगळा शब्दच ठरवलाय. राखून ठेवायच्या शेवटच्या इंधनाला, जेटसाठी अर्ध्या तासाच्या, हात लागणार असं दिसलं की तो म्हणायचाच. भीड नाही.

भाऊकाकाही ‘गॅस झालाय’ म्हणाले होते. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

म्हणून ठरवू. गरगरलं, पायाला सूज आली, की त्याच दिवशी मला फोन आणि शेजारच्या काकूंना हाक. छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, बोलणं जड आलं, तर आधी १०८, मग मी. रात्रीचे दोन असोत, कुणाची झोप मोडेल म्हणून थांबायचं नाही. रुग्णवाहिकेला घाटी चढून घर सापडत नाही, म्हणून कुणीतरी देवळापाशी उभं राहायचं. आई, हे तू बघ, त्यांच्यावर सोडू नकोस.

रागावले नाहीये, बाबा. मला गोवर झाला तेव्हा मी कितीदा ‘बरी आहे’ म्हटलं तरी तुम्ही दर तासाला उठून कपाळाला हात लावायचात. इतक्या लांबून मला तेवढं जमत नाही, म्हणून असं विचारत बसते.

नारळ पाडायला माणूस बोलवा, स्वतः शिडीला हात लावू नका. आगोटीच्या आधी कौलं बघून घ्या, पैसे दादाकडे दिलेत. आणि हे पत्र मिळालं की फोन करून गोळ्या म्हणून दाखवा.

तुमची,
बाळी