आईचं कट्ट करणारं बोट

आई, बाबा,

परवा फोनवर आई म्हणली, सकाळी उठल्यावर करंगळीच्या शेजारचं बोट मिटतं पण उघडतच नाही, दुसऱ्या हातानं ओढलं की कट्ट करून सुटतं. आणि मागून बाबांचा आवाज, "वात आहे, तेल लावायलोय मी रोज." फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही म्हणून लिहायलेय. दिवसभर क्लिनिकमध्ये हेच हात बघत बसते, घरचाच राहिला.

बाबा, तुम्ही तेल चोळायलाव बोटाच्या मधल्या सांध्यावर, कारण आईला दुखतं तिथंच. पण गडबड तिथं नाहीच, ती खाली तळहातात आहे. आई, डाव्या हाताचं बोट उजव्या तळहातावर त्या बोटाच्या मुळाशी, वरच्या आडव्या रेघेच्या आसपास दाबून धर आणि ते बोट हळूहळू मिट-उघड कर. वाटाण्याएवढी बारीक गाठ आतमध्ये सरकल्यासारखी लागेल आणि दाबलं की दुखेल. लागली तर हे ट्रिगर फिंगरच.

आता आत काय होतं ते सांगते. बोट मिटवणारे स्नायू बोटात नसतात, कोपराखाली हातात असतात, तिथून दोऱ्या बोटाच्या टोकापर्यंत जातात. आपण त्याला शीर म्हणतो पण ती रक्ताची शीर नव्हे, टेंडन. ही दोरी हाडाला चिकटून राहावी म्हणून तिच्यावर एक आवरण असतं, अगदी परकराचा नेफा आणि त्यातला नाडा. नेफ्याचं तोंड बोटाच्या मुळाशी, तिथं एक घट्ट कडं असतं. ते कडं जाड झालं की आतली जागा कमी होते, नाडा घासून घासून फुगतो आणि त्याला गाठ येते (1850 मध्ये नोट्टा नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ही गाठ लिहून ठेवली, अजून त्याच्याच नावानं ओळखतात). बोट मिटवताना स्नायूंचा जोर जास्त, त्यामुळं गाठ कशीबशी कड्यातून तळहाताकडं निघून जाते. उघडताना तीच गाठ परत आत जायला पाहिजे, पण उघडणारे स्नायू त्या मानानं कमजोर, म्हणून बोट अडकून बसतं आणि ओढलं की ती एकदम आत घुसते, तोच तुझा कट्ट.

सकाळीच जास्त का, तर रात्रभर बोटं अर्धी मिटलेली राहतात, हालचाल नाही, आत थोडं पाणी धरून सूज येते. दिवसा काम करता करता मोकळं होतं म्हणून आपण दुर्लक्ष करतो.

सोयाबीनच्या काढणीत आठ दिवस विळा घट्ट धरला म्हणून झालं असं तू म्हणलीस, त्यानं वाढलं असेल, पण मला जास्त संशय तुझ्या शुगरचा आहे. शुगरवाल्यांमध्ये हे कडं जाड व्हायचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि तू गोळी कधी घेतीस कधी नाही ते मला माहिताय.

तर आता बोट झटका देऊन ओढायचं बंद. सकाळी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं हात बुडवून हळूच उघडायचं. कपडे पिळायचं काम बाबांकडं (हो बाबा, वाचलं ना?). विळ्याच्या आणि खुरप्याच्या मुठीला जुनी सायकलची ट्यूब गुंडाळा, मूठ जाड झाली की घट्ट आवळावं लागत नाही. मी शनिवारी येताना स्प्लिंट आणते, बोटाचं मूळ सरळ ठेवणारी, रोज रात्री घालून झोपायचं, सहा आठवडे तरी.

एवढ्यानं नाही सुटलं तर लातूरला हाडाच्या डॉक्टरांकडं जाऊ. ते त्या कड्यापाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, बऱ्याच जणांचं त्यावर भागतं, शुगरवाल्यांना जरा कमी लागू पडतं आणि नंतर काही दिवस साखर चढते, म्हणून घेतलंच तर मशीनवर रोज बघावं लागेल. तरीबी अडकलं तर छोटं ऑपरेशन, जागा बधिर करून ते कडंच कापून मोकळं करतात, त्याच दिवशी घरी. त्याला घाबरू नको, पण वर्ष वर्ष ढकलू पण नको, कारण मधला सांधा वाकडा राहून आखडला की मग कडं कापूनही बोट पूर्ण सरळ होत नाही.

एक मात्र शनिवारपर्यंत थांबायचं नाही. बोट अख्खं सुजून लाल, गरम झालं, ताप आला, नुसतं सरळ करायला गेलं तरी ठणकलं, तर ते हे नव्हे, आवरणात पू धरल्याचं असू शकतं, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

बाबा, उद्या सकाळी आईची उपाशीपोटी शुगर बघून आकडा मला पाठवा, आईनं सांगितलेला नको, मशीनचा फोटो.

तुमची,
ताई