साठ लिटरांचे शहर

तीर्थरूप आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

कादंबरीचे पहिले प्रकरण तुम्ही दोघांनी वाचून फोन केलात, त्याला आज तीन आठवडे झाले. तेव्हा मी थोडी हिरमुसले होते, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला. बाबा, तुम्ही म्हणालात की नियमांची पाटी वाचली, पण शहर काही दिसले नाही. आई, तू एवढेच विचारलेस की कादंबरीतल्या बाईच्या घरात पाण्याच्या भांड्यांवर झाकणे का नाहीत, आणि वीस लिटरांचा एकेक डबा दोन्ही हातांत घेऊन ती जिन्यावर गप्पा कशा मारते. ते प्रकरण मी बाजूला ठेवले आहे. त्याऐवजी काय करते आहे ते सविस्तर कळवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी चूक अशी होती की पाणी मोजून मिळणाऱ्या शहराची मी आधी सत्ता रचली आणि पाणी नंतर आणले. चौकातल्या फलकावर चौदा नियम लिहिले, पहारेकरी उभे केले, शिक्षा ठरवल्या. पण त्यांतले अकरा नियम खोडले तरी माझ्या बाईची सकाळ होती तशीच राहत होती. ज्या नियमामुळे घरातले कोणी लवकर उठत नाही, कोणाचे काम अडत नाही, कशावर झाकण बसत नाही, तो नियम नुसती सजावट आहे, हे मला तेव्हा उमगले. म्हणून आता उलट्या टोकाने सुरुवात केली आहे. पाण्याला वजन असते, ते भरायला वेळ लागतो आणि ते साठवले की बिघडते, या तीन गोष्टींतून जे निघेल तेवढेच नियम ठेवायचे, असे ठरवले आहे.

आकडे मी मनाने घेतलेले नाहीत. आपत्तीत सापडलेल्या लोकांसाठी मदतसंस्था जी ‘स्फिअर’ मानके पाळतात, त्यांत माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, 250 माणसांमागे एक नळ, घरापासून नळापर्यंत जास्तीत जास्त 500 मीटर अंतर आणि रांगेत जास्तीत जास्त 30 मिनिटे असा हिशेब धरलेला आहे. नळाची धार मिनिटाला 7.5 लिटर मानली आहे. बाबा, तुम्ही गुणाकार करून पाहालच, म्हणून मीच करून देते: 250 माणसांना 15 लिटरप्रमाणे 3,750 लिटर लागतात, आणि या धारेने ते भरायला 500 मिनिटे, म्हणजे आठ तास वीस मिनिटे लागतात. माणसाला याहून कमी मिळू नये, यासाठी आखलेली ही रेषा आहे. माझ्या शहराने तीच रेषा उचलून याहून जास्त मिळणार नाही असे जाहीर केले आहे. या शहराची सगळी क्रूरता मला या एका उलटापालटीत सापडली. त्यासाठी वेगळा खलनायक लागला नाही.

आता माझ्या बाईचे घर पाहा. घरात माणसे चार, म्हणून वाटा साठ लिटरांचा, म्हणजे वीस लिटरांचे तीन डबे. शहर मात्र लिटर मोजत नाही, कारण प्रत्येक नळाशी मापारी बसवणे परवडत नाही. ते मिनिटे मोजते. साठ लिटरांना साडेसातच्या धारेने आठ मिनिटे लागतात, तेव्हा चार माणसांच्या घराला आठ मिनिटांची पाळी. कागदावर यात कोणावरही अन्याय नाही. पण बाईचे घर चढावर, जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला आहे. खालच्या गल्ल्यांतले नळ एकदम सुटले की वर दाब उरत नाही आणि धार मिनिटाला पाच लिटरांवर येते. आठ मिनिटांत चाळीस लिटर मिळतात आणि तिसरा डबा रिकामाच घरी जातो. शिवाय नळ दिवसभर बंद असल्याने नळी रिकामी होते, रिकाम्या नळीत बाहेरचे घाण पाणी फटींतून आत शिरते, आणि पाणी सुटले की आधी हवेचा सूं असा आवाज येतो, मग गढूळ धार. पहिल्या मिनिटाचे पाच लिटर पिण्याच्या कामाचे नसतात. साठातले पस्तीसच लिटर स्वच्छ हाती येतात, आणि या तफावतीबद्दल दाद मागावी असे कलम कुठल्याच नियमात नाही, कारण तिला तिची आठ मिनिटे पूर्ण मिळालेली आहेत.

हा हिशेब कादंबरीत मी कुठेही मांडणार नाही. तिथे फक्त एवढेच दिसेल: थोरला मुलगा नळाशी उकिडवा बसून आकडे मोठ्याने म्हणतो आहे, बाई पहिल्या धारेखाली पत्र्याची जुनी बादली धरते, मुलगा साठ म्हणताच ती बादली पायाने सरकवून त्याच हालचालीत पहिला डबा धारेखाली आणते, आणि मधे तळहातभर पाणीही जमिनीवर पडत नाही. सरावाने आलेली ती पायाची हालचाल वाचकाला दिसली की गढूळ पाण्याचा नियम वेगळा सांगावा लागत नाही.

घरी आल्यावर पाण्याची उतरंड सुरू होते. चौघांच्या पिण्यासाठी बारा लिटर वेगळे, दहा लिटर रांधायला आणि भांड्यांना, उरलेले तेरा अंगाला आणि कपड्यांना. भांड्यांचे आणि कपड्यांचे वापरलेले पाणी पत्र्याच्या बादलीत जाते आणि तिथून संडासात. साबणाचे, खरकटे पाणी दुसऱ्या दिवशी वास मारते, म्हणून ते त्याच दिवशी संपवावे लागते. फ्लशच्या एका ओढीला सहा लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी जाते, त्यामुळे त्या टाक्या कधीच बंद पडल्या आहेत. मग रिकाम्या टाकीचे काय होत असेल, असा विचार करताना मला उत्तर मिळाले की लोक तिच्यात पाणी लपवतात. आणि लोक लपवतात म्हणून तपासनीस घरात आला की आधी त्याच टाकीचे झाकण उचलतो.

तपासनीस का येतो, हे सांगायला हवे. आई, तुझ्या झाकणांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करावीत, असे आरोग्य खाते सांगते आणि ते अगदी बरोबर आहे. माझ्या शहरात हा सल्ला कायदा झाला: सातव्या दिवशी संध्याकाळपासून रात्रभर प्रत्येक भांडे पालथे दिसले पाहिजे. सुरुवातीला डेंग्यूची साथ होती, नंतर साथ गेली आणि नियम राहिला, कारण ज्याच्या घरात आठवड्याचे पाणी शिल्लक असते तो पाळीला न येता चार दिवस काढू शकतो, आणि असा माणूस शहराला नको आहे. माझ्या बाईच्या घरी आता प्रत्येक भांड्यावर झाकण आहे. आधी डासांसाठी होते, आता भांड्यात किती पाणी आहे ते शेजाऱ्यांना दिसू नये म्हणूनही आहे.

या एका नियमाने आठवड्याची चालच बदलते, आणि मला सर्वांत जास्त ओढ त्याच भागाची आहे. सहा दिवस बाई रोज दोन लिटर बाजूला काढते. सातव्या संध्याकाळी ते बारा लिटर कसेही करून संपवायचेच असतात, म्हणून ती मुलांना डोक्यावरून आंघोळ घालते. त्या एका संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक घरातून पाणी ओतल्याचा आवाज येतो, मुले ओरडत असतात, आणि मुलांच्या लेखी तो आठवड्यातला सर्वांत चांगला दिवस असतो. आठव्या दिवशी मात्र घरात थेंब नसतो. ज्याची पाळी पहाटे आहे त्याची एक रात्र कोरडी जाते. ज्याची पाळी रात्री आहे त्याचा अख्खा दिवस. म्हणून त्या शहरात पहाटेची पाळी ही सर्वांत मोठी संपत्ती आहे, आणि लग्न जुळवताना लोक पगाराआधी पाळी विचारतात. माझ्या बाईची पाळी रात्री दहाची आहे. धाकटीला आठव्या दिवशी सकाळी जुलाब सुरू होतात, आणि कादंबरी तिथून पुढे जाते.

बाबा, लोक एकमेकांवर अशी नजर ठेवतील का, हा तुमचा प्रश्न मला रास्त वाटला. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये दुष्काळामुळे 2018 च्या फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला 50 लिटरांची मर्यादा होती आणि नळ बंद करण्याची वेळ आलीच तर वाटपाच्या ठिकाणांवरून माणशी 25 लिटर देण्याची तयारी झाली होती. ती वेळ आली नाही. पण त्याच वर्षी तिथल्या पालिकेने, वापर मर्यादेत असलेली घरे हिरव्या ठिपक्यांनी दाखवणारा नकाशा सर्वांसाठी खुला केला होता. हेतू चांगला होता आणि लोकांनी पाणी खरोखर वाचवले. मी इतकेच करते आहे की ते ठिपके नकाशावरून उचलून दारांवर रंगवते आहे.

भाषेचेही सगळे तपासावे लागते आहे. पहिल्या खर्ड्यात एक म्हातारा म्हणतो की मुलाने पाण्यासारखा पैसा घालवला. त्या शहरात हे वाक्य उधळेपणाचे राहत नाही. पाण्यासारखा पैसा म्हणजे मोजून, जपून, घोटाघोटाने खर्चलेला पैसा. मी ते वाक्य काढले नाही, फक्त म्हाताऱ्याच्या तोंडून कौतुकाने वदवले. तिथे घराचे मोठेपणही खोल्यांत सांगत नाहीत. कोणी म्हणते, ‘आमचे आठ मिनिटांचे घर,’ आणि म्हातारी गेली की शेजारीण हळूच म्हणते, ‘यांची दोन मिनिटे गेली.’

नवे प्रकरण सोबत पाठवत आहे. बाबा, दाबाचा हिशेब कुठे चुकला असेल तर समासात लिहा. आई, तुझ्या सांगण्यावरून बाई आता एका खेपेला एकच डबा नेते, जिन्यात बोलत नाही, आणि दर सात पायऱ्यांनी डबा टेकवते. एक गोष्ट मात्र अजून अडली आहे: डबा एका हातात, धाकटी दुसऱ्या कडेवर आणि दाराला बाहेरून कडी, अशा वेळी ती आधी काय खाली ठेवेल? तू काय केले असतेस ते कळव, तोवर ते पान कोरे ठेवते.

तुमची,
लेक