तुझ्या मैत्रिणीला लिहायचा मेसेज

ठाणे, नौपाडा

प्रिय चिऊ,

काल रात्री तू पाठवलेला कच्चा मजकूर सकाळी चहा घेताना वाचला. तुझ्या मैत्रिणीचे वडील, आपले काका, गेल्याची बातमी आपल्या सोसायटीत परवाच कळली होती. संध्याकाळी जवाहरबाग स्मशानभूमीत तुझे बाबा जाऊन आले. तुला फोनवर रडू आवरत नव्हतं म्हणून काही बोलले नाही, आता सविस्तर लिहिते. पुण्यात बसून तुझ्या हातात हा मेसेज एवढंच आहे तर ते नीट होऊ दे.

तुझा मजकूर असा आहे: "भावपूर्ण श्रद्धांजली. विश्वासच बसत नाही. काय झालं अचानक? काका खूप चांगले होते. आता स्ट्राँग राहा, आईला तुलाच सांभाळायचंय. काही लागलं तर नक्की सांग."

यात खोटं काही नाही. पण पहिलं वाक्य काकांसाठी आहे आणि मेसेज वाचणार आहे ती. काल दिवसभर तिला हेच दोन शब्द फुलांच्या चित्रासकट किती जणांकडून आले असतील याचा अंदाज कर. काकांना श्रद्धांजली तू मनात वाहा. लिहायचं ते तिला, तिच्या नावाने हाक मारून.

"काय झालं अचानक?" हे आधी काढ. तुला काळजीपोटी विचारावंसं वाटतं ते कळतं, पण तिला तीच हकिकत, ॲडमिट कधी केलं, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी कोण जवळ होतं, हे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. भेटायला आलेली मंडळी तर समोर बसूनच विचारतात, त्यांना टाळता येत नाही. तू तरी विचारू नकोस. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती आपण होऊन सांगेल.

"स्ट्राँग राहा" आणि आईला सांभाळायचं वाक्य, दोन्ही खोड. बाप जाऊन दोन दिवस झालेल्या मुलीला आपण नवं काम लावून देतो, आणि वर रडायची बंदी. हे तिला घरातले मोठे आधीच सांगत असणार, मैत्रिणीनेही सांगायची गरज नाही. असंच "सुटले बिचारे" किंवा "वय झालं होतं" हेही. काका बरेच महिने आजारी होते हे खरं, पण सुटले म्हणायचा हक्क ज्यांनी रात्री जागून काढल्या त्यांचा. ती म्हणाली तर ऐकून घे, आपण पहिलं म्हणायचं नाही.

आता "काका खूप चांगले होते". इथे खरं तर तुझ्याकडे सांगण्यासारखं आहे आणि तेच तू गाळलंस. चांगले होते हे त्यांच्या ऑफिसातला कुणीही लिहील. दहावीच्या क्लासनंतर पाऊस लागला की घंटाळीच्या नाक्यावर ते तुम्हा दोघींना घ्यायला यायचे. एकच छत्री असायची, ती तुमच्या हातात द्यायचे आणि स्वतः पुढे भिजत, खड्ड्यात पाणी किती आहे ते पायाने बघत चालायचे. तू घरी येऊन त्यांची नक्कल करायचीस, आठवतं? तिच्या बाबांची ही आठवण तुझ्याकडे आहे हे तिला कदाचित माहीतही नसेल. ती दे. एकच दे, तीन नकोत. आठवण सांगताना "मला" फार आणू नकोस. तुला किती रडू आलं, तुझी झोप कशी उडाली, हे तिने वाचलं तर तीच तुझी समजूत काढायला लागेल. तिचा स्वभाव तसाच आहे.

राहिलं "काही लागलं तर सांग". बँकेत मी मयत खातेदारांच्या क्लेमचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं. समोर येऊन बसलेल्या माणसांना आपल्याला काय लागणार आहे हेच माहीत नसायचं, मग ते कुणाला काय सांगणार? म्हणून तूच ठरव आणि ती नुसतं हो किंवा नको म्हणू शकेल असं विचार. पहिल्या दिवसांचं जेवण शेजारी बघतात. त्यांच्या मजल्यावरून पिठलं-भात, खिचडी जातेच आहे, त्यात तुझी भर नको. अडतं ते पुढे. महापालिकेतून मृत्यूचा दाखला आणायचा असतो, आणि त्याच्या एकदोन प्रती पुरत नाहीत: बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, जो तो दाखला मागतो. लोक एकच मूळ प्रत घेऊन येतात, ती एका ठिकाणी अडकली की बाकीची कामं थांबतात. प्रती जास्त मागून घ्यायच्या हे त्या गडबडीत सुचत नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायची असते, ती दवाखान्याकडून गेली असेलच, पण नाव आणि स्पेलिंग आधारशी जुळतंय का हे दाखला हातात येताच बघायला हवं. नंतरच्या दुरुस्तीचे हेलपाटे मी पाहिलेत. हे सगळं आत्ताच्या मेसेजमध्ये मुळीच लिहू नकोस हं. तेराव्यानंतर, घर रिकामं झालं की दुसरा मेसेज कर: "मंगळवारी मी सुट्टी घेतेय, दाखल्यासाठी तुझ्यासोबत येऊ का?" तोवर फोनही थंडावलेले असतात.

मी तुझ्या जागी असते तर आत्ता एवढंच लिहिलं असतं. नाव तू घाल, शब्द तुझे कर:

"काका गेल्याचं कळलं. खूप वाईट वाटलं गं. क्लासनंतर पावसात छत्री आपल्याला देऊन ते स्वतः पुढे भिजत चालायचे, पायाने खड्डे बघत. कालपासून तेच डोळ्यासमोर आहे. उत्तर लिहू नकोस. शनिवारी ठाण्यात येतेय, संध्याकाळी थोडा वेळ येऊन जाईन. तुला नको वाटलं तर फक्त 'नको' एवढं कळव."

"उत्तर लिहू नकोस" हे विसरू नकोस. आलेल्या प्रत्येक मेसेजला हात जोडल्याचं चित्र पाठवत बसणं हेही त्या घरात कुणाच्या तरी गळ्यात पडलेलं असतं. आणि "सद्गती लाभो" वगैरे तू घातलं नाहीस ते बरं केलंस, काकांचा त्यावर विश्वास नव्हता, गणपतीत आरतीला ते बाहेर कट्ट्यावर बसायचे.

आमच्या लहानपणी अशी बातमी पोस्टकार्डाने यायची. कोपरा फाडलेला, वर "श्री" नाही, आणि वाचून झालं की कार्ड घरात ठेवायचं नाही. तुझ्या आजीला मात्र त्याला उत्तर लिहायचं असलं की ती आधी विचारायची, "त्यांच्या घरी वाचून कोण दाखवणार?" आणि त्या माणसाचा विचार करून लिहायची.

मेसेज आज दुपारी पाठव, सकाळी त्यांच्याकडे गुरुजी येणार आहेत. शनिवारी जाशील तेव्हा निघताना "येते" म्हणू नकोस, नुसती ऊठ. आणि तिथे तुझ्यासाठी कुणाला चहा ठेवायला लावू नकोस. आपल्याकडे जेवूनच जा, मी वरणफळं करते.

तुझी,
आई