‘तरुण, तडफदार’ हवेत कशाला?

अंधेरी-गोरेगावकडच्या छोट्या कंपन्यांच्या जाहिरातींत हमखास दिसणारा मजकूर असा: ‘अकाउंट्स असिस्टंट पाहिजे. तरुण, तडफदार, अनुभव 2 ते 4 वर्षे, वेळेचे बंधन नसावे.’ यात ‘स्त्रिया नकोत’ असे कुठेच लिहिलेले नाही. तसे लिहिणे वेतन संहिता, 2019 च्या कलम 3 नुसार चालणारही नाही. वयाबद्दल मात्र ते कलम गप्प आहे.

जाहिरात तपासताना प्रत्येक अटीपुढे ती कोणत्या कामासाठी हवी ते लिहावे. ‘तरुण’पुढे काहीच लिहिता येत नाही, तो शब्द काढावा. ‘2 ते 4’ मधला 4 हा आकडा पंचेचाळिशीतल्या अनुभवी माणसाला दारातूनच परत पाठवतो. ‘किमान 2 वर्षे’ पुरते. खरी मेख ‘वेळेचे बंधन नसावे’ यात आहे. पाळणाघरातून मूल आणायचे असलेली बाई, शेवटची विरार लोकल गाठावी लागेल की काय, या धास्तीने अर्जच करत नाही. प्रत्यक्षात उशीर होतो तो महिनाअखेरीचे तीन दिवस. मग तेवढेच लिहा: ‘महिनाअखेरीस 3 दिवस रात्री 8 पर्यंत थांबावे लागेल.’

— एक वाचक, मुंबई