सहाव्या पानावरचा अंगठा

प्रिय मोहन,

हॉस्पिटलच्या बिलाचे सातही फोटो मिळाले. काका घरी आले हे वाचून जीव भांड्यात पडला. रात्री बसून एकेक ओळ तक्त्यात उतरवली आणि आधी तुझ्यासारखाच उखडलो, कारण नऊ ओळी चक्क दोनदा होत्या! मग लक्षात आलं, त्यातल्या सात तुझ्याच करामती आहेत. तिसऱ्या फोटोचा तळ चौथ्याच्या माथ्यावर पुन्हा आलाय. अनुक्रमांक तेच, म्हणजे ओळ एकच, फोटो दोन. त्या खोडल्या.

उरल्या दोन. तेरा तारखेला रक्ताच्या त्याच दोन तपासण्या दोनदा लागल्यात, पण नमुना क्रमांक वेगळे आहेत आणि तू पाठवलेल्या रिपोर्टांत सकाळ-संध्याकाळचे दोन कागद आहेत. ते खरंच झालंय, तिथे भांडू नकोस.

खरी दुबार आकारणी सारख्या दिसणाऱ्या ओळींत नव्हतीच. चौदा तारखेला ‘इलेक्ट्रोलाइट्स’ लावलंय आणि चार ओळी खाली ‘सोडियम’, ‘पोटॅशियम’ वेगळे. इलेक्ट्रोलाइट्समध्ये हे दोन्ही येतातच. त्या दिवसाचा रिपोर्ट एकच, नमुन्याची वेळही एकच. हे मात्र ठामपणे विचार.

आता अँटिबायोटिक. दिवसातून तीनदा, दर वेळी एक कुपी. अकराच्या रात्री पहिला डोस, बारा ते चौदा रोज तीन, पंधराला सकाळी एक आणि डिस्चार्ज. झाले अकरा. बिलात पंधरा कुप्या! मी पुन्हा चिडणार होतो, पण सहाव्या पानाची बेरीज जमेना. ओळींची बेरीज छापील बेरजेपेक्षा जास्त येत होती. आधी वाटलं, अंधुक फोटोत मी एकाचा सात वाचला असेन. म्हणून प्रत्येक ओळीत नग गुणिले दर करून पाहिलं, सगळं बरोबर. मग फरक पाहिला, तर तो नेमका दोन कुप्यांच्या किमतीएवढा! आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात तुझा अंगठा. माझी खात्री आहे की त्या अंगठ्याखाली औषध परतीची वजा ओळ आहे. म्हणजे दोन कुप्या परत गेल्या, हिशेब लागत नाही तो उरलेल्या दोनांचा. एखादी फुटली असेल, पहिला डोस दुप्पट दिला असेल, किंवा नुसतीच लागली असेल. ते बिलावरून कळणार नाही. नर्स प्रत्येक डोसची वेळ लिहून सही करतात तो औषधांचा तक्ता माग आणि सह्या मोज.

‘इतर साहित्य’ अशी एक गोळाबेरीज ओळही आहे. तिचा तपशील लेखी माग, आत्ताच चूक म्हणू नकोस.

बिलिंगच्या खिडकीवर ‘तुम्ही लुटलंत’ अशी सुरुवात नको. अनुक्रमांक, तारीख आणि सोबत रिपोर्ट, एवढं समोर ठेव. पण त्याआधी पिन काढून सहावं पान सपाट ठेव आणि नवा फोटो पाठव. अंगठा बाजूला ठेवून.

काकांना नमस्कार सांग.

तुझा,
विनय