सिंकिंग फंड कागदावर आहे, बँकेत नाही

मा. सहकारमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांसी सविनय नमस्कार.

रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची चोवीस सदनिकांची गृहनिर्माण संस्था आहे. इमारतीला बावीस वर्षे झाली. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो. सळई गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. या वर्षी जिन्याखालच्या कॉलमची सळई उघडी पडली आणि अभियंत्याने दुरुस्तीचा अंदाज २६ लाख रुपये दिला. तेव्हा मी संस्थेचे जुने ताळेबंद मागवून घेतले. त्यात जे दिसले ते आपल्यापुढे ठेवतो.

आधी मासिक वर्गणी पाहिली. पहारेकरी, झाडलोट, सामाईक वीज आणि हिशेबाचा खर्च मिळून वर्षाला २,८८,००० रुपये होतात. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमांप्रमाणे, हे सेवाशुल्क सर्व सदनिकांवर समान बसते, म्हणजे प्रत्येकी महिना १,००० रुपये. आमच्याकडे मात्र ते चौरस फुटांवर आकारत होते. त्यामुळे ६०० फुटांच्या घराला ८५७ आणि ९०० फुटांच्या घराला १,२८६ रुपये पडत. पहारेकरी मोठ्या घरासाठी जास्त वेळ जागत नाही, एवढेच मी सभेत म्हणालो.

सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी दरवर्षी बाजूला ठेवायच्या निधीचा, हिशेब वेगळा आहे. तो जमिनीची किंमत वगळून सदनिकेच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान ०.२५ टक्के असा धरायचा असतो. आमच्या नोंदीत बांधकाम खर्च ६०० रुपये फूट आहे. लहान घराचा खर्च ३,६०,००० झाला, त्यावर वर्षाला ९०० रुपये, महिना फक्त ७५. सोळा लहान आणि आठ मोठ्या घरांचे मिळून वर्षाला २५,२०० रुपये येतात. बावीस वर्षांची नुसती वर्गणी ५,५४,४०० रुपये. ताळेबंदाच्या देणी बाजूला नेमका हाच आकडा होता, म्हणून सभेत दरवर्षी सगळे निर्धास्त राहिले.

मग मी येणी बाजूची गुंतवणूक पाहिली. सिंकिंग फंडाची मुदत ठेव निघाली २,१०,००० रुपयांची. बाकीची रक्कम गेली कुठे? जुन्या जमाखर्चांत दोन गोष्टी सापडल्या. ठेवीचे व्याज फंडात न मिळवता ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवले जाई आणि त्यावर मासिक वर्गणी कमी ठेवली जाई. शिवाय दोन वर्षी तूट भरायला ठेवी मोडल्या होत्या. एकदा आवाराच्या भिंतीला रंग देण्यासाठी. वास्तविक हा पैसा पुनर्बांधणी किंवा मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीसाठीच असतो, तोही वास्तुविशारदाचा दाखला आणि सर्वसाधारण सभेचा ठराव असेल तर. आम्हाला ना ठराव सापडला, ना दाखला. कोणी पैसे खिशात घातले, असे मी म्हणत नाही. वर्गणी वाढवण्याचा वाईटपणा कोणालाच नको होता.

खरी चिंता याच्या पुढची आहे. समजा सगळे चोख झाले असते आणि सरासरी सात टक्के व्याज फंडातच साठले असते, तरी आज सुमारे १२,३५,००० रुपये जमले असते. गरज २६ लाखांची आहे. कारण ०.२५ टक्के आजही बावीस वर्षांपूर्वीच्या बांधकाम दरावरच मोजले जातात. आता हातात दोन लाखच असल्याने प्रत्येक घराला सरासरी एक लाखाच्या आसपास एकरकमी भरावे लागणार आहेत. आमच्या इमारतीत पेन्शनवर जगणाऱ्या दोन विधवा आजी आहेत. त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचे, हा प्रश्न समितीला रोज पडतो.

म्हणून दोन मागण्या. पहिली, प्रत्येक लेखापरीक्षण अहवालात सिंकिंग फंडाचे स्वतंत्र पत्रक सक्तीचे करावे. त्यात सुरुवातीची शिल्लक, वर्षाची वर्गणी, व्याज, खर्च आणि अखेरची शिल्लक असावी, शेजारी त्या शिलकीइतक्या ठेवींच्या पावत्यांचे क्रमांक असावेत आणि दोन्हींत फरक असेल तर लेखापरीक्षकाने त्याचे कारण लिहावे. हे पत्रक मराठीत, वार्षिक सभेच्या सूचनेसोबत प्रत्येक घरी जावे.

दुसरी मागणी, संरचनात्मक तपासणी होईल तेव्हा बांधकाम खर्चाचा आकडाही त्या वेळच्या दराने नव्याने ठरवावा. आमच्याकडे तो आज २,००० रुपये फूट धरला, तर लहान घराचा हप्ता ७५ वरून २५० रुपयांवर जाईल. उपविधीतला दर ‘किमान’ असल्याने सभा आजही जास्त वर्गणी ठरवू शकते, पण शासनाचा आदेश नसताना असा ठराव मांडणारा माणूस एकटा पडतो. गेल्या सभेत मी मांडला, चोवीसपैकी पाच हात वर आले.

समुद्राकाठच्या इमारतींसाठी हा विचार तरी यंदाच्या ३० सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभांच्या आधी व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक सभासद, रत्नागिरी