व्याज परत करण्याबाबत आणि क्रेडिट कार्डाचे शुल्कपत्रक समजेल असे लिहिण्याबाबत

गुहागर, जि. रत्नागिरी
दि. 12 जून 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग

महोदय,

5 जूनच्या बिलात तुम्ही माझ्याकडून व्याजाचे 2,045.92 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 368.27 रुपये, म्हणजे एकूण 2,414.19 रुपये लावले आहेत. ते परत मिळावेत म्हणून हे पत्र.

हकिगत अशी. माझा इथे होमस्टे आहे. मे महिन्यात पाहुणे येण्याआधी मासळी ठेवायला फ्रीझर हवा होता. तो आणि स्टॅबिलायझर 10 एप्रिलला चिपळूणच्या दुकानातून कार्डावर घेतला, 40,000 रुपयांना. स्टॅबिलायझर बिघडलेला निघाला म्हणून परत केला. त्याचे 2,000 रुपये 14 मे रोजी कार्डावर जमा झाले. 5 मेचे बिल 40,000 चे होते आणि भरण्याची शेवटची तारीख 25 मे. त्या दिवशी मी उरलेले 38,000 भरले. बाकी शून्य.

तरीही तुमच्या हिशेबात मी थकबाकीदार. हेल्पलाइनवरच्या बाईंनी सांगितले, "मॅडम, रिफंड म्हणजे पेमेंट नव्हे." म्हणून बिल पूर्ण भरले नाही असे धरून, खरेदीच्या दिवसापासून 14 मेपर्यंतचे 34 दिवस 40,000 वर आणि पुढचे 11 दिवस 38,000 वर, महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज लावले. वर्षाचे ते 42 टक्के होतात. दुकानदाराने परत केलेल्या दोन हजारांपायी मला दोन हजारांहून जास्त भुर्दंड!

रिझर्व्ह बँकेने 2022 साली कार्डांसाठी काढलेल्या निर्देशांत लिहिले आहे की, शेवटच्या तारखेआधी आलेला रिफंड देय रकमेतून ताबडतोब वळता करून तसे ग्राहकाला कळवायचे. माझा रिफंड अकरा दिवस आधी आला होता. वळताही केला नाही आणि कळवलेही नाही.

आता शुल्कपत्रकाबद्दल. आमच्या बचत गटातल्या बाया तुमचे पत्रक माझ्याकडे वाचायला आणतात. पण ते लिहिले आहे ते वकिलासाठी. मी खाली साध्या शब्दांत मांडते आहे. चूक असेल तर दुरुस्त करा, बरोबर असेल तर असेच छापा.

व्याज: बिलातली एकूण रक्कम शेवटच्या तारखेपर्यंत पूर्ण भरली तर खरेदीवर व्याज शून्य. शंभर रुपये जरी कमी पडले तरी बिनव्याजी मुदत गेली, आणि व्याज शेवटच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून. शिवाय जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. यातून सुटण्याचा मार्ग एकच, पूर्ण बिल भरणे. तुम्ही ठळक अक्षरांत छापता ती 'किमान देय रक्कम' भरून व्याज थांबत नाही. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो, आणि नेमके हेच वाक्य पत्रकात नाही.

उशिराचा दंड: किमान रक्कम वाचवते ती फक्त यातून. तीही भरली नाही तर दंड. पण नियमाप्रमाणे तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय तो लावता येत नाही, आणि लावायचा तो तारखेनंतर उरलेल्या बाकीवर, सगळ्या बिलावर नव्हे. तुमच्या पत्रकातले टप्पे 'एकूण बिल' धरून आहेत. ते कसे काय?

रोख काढणे: कार्ड एटीएममध्ये घातले की अडीच टक्के, पण कमीत कमी 500 रुपये. म्हणजे होडीवाल्याला द्यायला कोणी दोन हजार काढले तर जीएसटी धरून 590 गेले. बिनव्याजी मुदत यात नाहीच, त्याच दिवसापासून व्याज चालू. दुसऱ्या दिवशी पैसे भरले तर व्याज थोडक्यात आटपते, शुल्क मात्र परत येत नाही. रोख हवी तर डेबिट कार्ड वापरावे, एवढे एक वाक्य छापायला काय हरकत आहे?

वार्षिक शुल्काचे कलम त्यातल्या त्यात बरे आहे. वर्षाला किती खर्च केला की ते माफ होते, हे आकड्यासकट दिलेले आहे.

माझी मागणी: 2,414.19 रुपये परत जमा करावेत, 5 मेचे बिल 25 मे रोजी पूर्ण भरल्याची नोंद करावी, आणि यामुळे पुढच्या खरेदीवर व्याज लागले असल्यास तेही काढावे. माझ्या नावावर थकबाकी म्हणून क्रेडिट ब्युरोला काही कळवले असेल तर ते दुरुस्त करून मला लेखी द्यावे. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. फोन नको, उत्तर लेखीच हवे.

आपली,
कार्डधारक

सोबत: 5 मे व 5 जूनची बिले, दुकानाची रिफंडची पावती, 25 मेच्या भरण्याचा पुरावा.